वाळूत, चिखलात आणि सुट्या मातीच्या वाटेवर मोटरसायकल कशी चालवावी

डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षं गाडी चालवलेला माणूसही वाळूत पहिल्या वीस पावलांत पडू शकतो. हँडल डावीकडे-उजवीकडे ओढ घेतं, तो घाबरून रेस सोडतो आणि पुढचं चाक वाळूत नांगरासारखं रुततं. सुरुवातीला वाळूत मी जितक्या वेळा पडलो, त्यातल्या जवळपास प्रत्येक वेळी आधी रेस सोडली होती. सैल जमिनीवर पुढचं चाक हलकं ठेवायचं असतं. टायरची हवा, बसण्या-उभं राहण्याची पद्धत आणि उजव्या हाताची मूठ या तिन्ही गोष्टी त्यासाठीच आहेत.

रेस सोडली की गाडी मंदावते, वजन पुढे झुकतं आणि पुढचा सस्पेन्शन दबतो. घट्ट रस्त्यावर त्याचा फायदा होतो, कारण पुढच्या टायरची पकड वाढते. वाळूत तोच टायर खाली बुडतो आणि आपल्यापुढे वाळूचा छोटा बांध रचतो. त्या क्षणी चाक जरा जरी तिरकं असेल, तर बांध त्याला आणखी वळवतो. रेस हलकीच दिली की वजन मागे जातं आणि पुढचं चाक वाळूवर तरंगल्यासारखं चालतं. हँडल थोडं हलत राहतं, पण ते हलू द्यायचं. त्याच्याशी झटायचं नाही.

आता हे एका उदाहरणावर क्रमाने पाहू. गाडी १५० सीसीची, ट्यूब असलेले साधे टायर, चालक एकटा, मागे सामान नाही. समोर कोरड्या ओढ्याचं साठ मीटर रुंद पात्र आहे. त्यात वाळू आहे आणि ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या उमटल्या आहेत. पलीकडे सुटी खडी असलेला चढ आहे.

आधी थांबा आणि चालत जा

गाडी पात्राच्या अलीकडे कठीण जमिनीवर लावा आणि पायी पलीकडे जाऊन या. टाच किती बुडते ते पाहा. नुसता ठसा उमटत असेल तर फारशी तयारी लागत नाही. बूट घोट्यापर्यंत जात असेल तर हवा कमी करावीच लागेल. चाकोरीतली वाळू दबलेली असते, म्हणून ती सहसा बाजूच्या वाळूपेक्षा घट्ट असते. एक चाकोरी निवडा, ती मध्येच तुटते का ते पाहा आणि पलीकडच्या काठावर नजर ठेवायला एखादं झाड किंवा दगड ठरवून ठेवा. ही पाच मिनिटं वाचवू नका.

हवा किती सोडायची

या गाडीला कंपनीने पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय हवा सांगितली आहे असं धरू. वाळूसाठी पुढे १८ आणि मागे २० पर्यंत उतरवा. हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक कमी बुडतं. टायर रुंद झाल्याने हे होतं असं बरेच जण समजतात. खरं तर टायर लांबीच्या दिशेने जास्त पसरतो, आणि वाळूत तीच लांबी उपयोगी पडते.

हवेचा गेज सोबत ठेवा. छोटा, पेनाएवढा गेजही चालतो. पहिल्यांदा घरीच एक प्रयोग करा. व्हॉल्व्हची पिन मोजून दहा सेकंद दाबा आणि किती हवा गेली ते बघा. तुमच्या टायरचं हे गणित एकदा कळलं की वाटेत काम लवकर होतं. मोजमाप टायर थंड असताना करा, कारण चालून तापलेला टायर जास्त आकडा दाखवतो.

यापेक्षा खाली मात्र जाऊ नका. ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी असेल आणि चाक दगडावर आदळलं, तर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटली जाते. अशा पंक्चरला ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन चिरा दिसतात. दुसरा धोका असा की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला सोबत ओढतो. व्हॉल्व्ह रिममधून सरळ न येता तिरका दिसू लागला, की लगेच हवा भरा. नाहीतर व्हॉल्व्ह मुळापासून तुटेल. ट्यूबलेस टायरला हा त्रास नाही, पण त्याची कड रिमवरून सुटू शकते आणि अलॉय रिमला दगडाने पोचा पडला की हवा टिकत नाही. वाटेवर दगड जास्त असतील किंवा मागे माणूस बसलेला असेल, तर मी दोन-तीन पीएसआयच कमी करतो.

उभं कसं राहायचं

फूटरेस्टवर पायाचा मधला भाग ठेवा, गुडघे थोडे वाकवा आणि टाकी गुडघ्यांनी धरा. उभं राहिल्यावर तुमचं वजन सीटवरून फूटरेस्टवर येतं. मग गाडी खाली डोलली तरी तुम्ही तिच्याबरोबर डोलत नाही. कोपरं बाहेर आणि थोडी वर ठेवा. नितंब सीटच्या मागच्या अर्ध्या भागावर येतील इतके मागे जा, पण हँडलला लटकून नको. मागे झुकताना धरून ठेवण्याचं काम गुडघ्यांचं आहे. हातांनी ते केलं तर प्रत्येक धक्क्याला रेस कमी-जास्त होते आणि हँडलही वाकडं होतं. तपासायचं असेल तर बोटं क्षणभर सैल सोडून पाहा. तुम्ही मागे ढकलले जात असाल, तर टाकीवरची पकड कमी पडते आहे.

रोजच्या वापरातल्या गाड्यांचं हँडल खाली असतं. त्यावर पूर्ण उभं राहिलं की माणूस पुढे वाकतो आणि वजन नेमकं पुढच्या चाकावर जातं. अशा गाडीवर सीटपासून चार बोटं वर उठा आणि मागे सरका. तेवढं पुरतं.

मूठ धरण्याची एक पद्धत शिकून घ्या. उजवी मूठ सरळ न धरता थोडी तिरपी, स्क्रू ड्रायव्हर धरल्यासारखी धरा. मनगट खाली पडलं की धक्क्यासरशी रेस आपोआप वाढते. तिरप्या मुठीत ते होत नाही.

पात्र ओलांडताना

कठीण जमिनीवरच दुसऱ्या गिअरमध्ये या आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास वेग धरा. वाळू लागायच्या आधीच उठा, मागे सरका आणि नजर पलीकडच्या झाडावर लावा. चाक वाळूत शिरताच गाडी अडवल्यासारखी वाटेल. त्याच क्षणी रेस थोडी वाढवा. झटका द्यायचा नाही. वाळूने जेवढा वेग ओढून घेतला, तेवढाच परत द्यायचा आहे. मग मूठ तिथेच स्थिर ठेवा.

पाचेक मीटरवर हँडल हलू लागेल. इथेच रेस सोडावीशी वाटते. सोडू नका, उलट किंचित वाढवा, म्हणजे गाडी सरळ होते. दिशा बदलायची असेल तर हँडल वळवू नका. ज्या बाजूला जायचं त्या बाजूच्या फूटरेस्टवर पाय दाबा. नजर चाकोरीच्या काठावर गेली की चाकही काठावर जातं, म्हणून झाड सोडू नका. थांबायचं असेल तर क्लच दाबून गाडी वाळूच्या ओढीनेच थांबू द्या, पुढचा ब्रेक लावू नका.

मागचं चाक जागीच फिरायला लागलं तर रेस पूर्ण बंद करा. फिरणारं चाक खड्डा खणतं आणि अर्ध्या मिनिटात गाडी चेनपर्यंत बसते. उतरा, चाकासमोरची वाळू हातांनी बाजूला करा, क्लच हळू सोडा आणि गाडीच्या बाजूला चालत तिला ढकला. गाडी खोल बसली असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा, असल्यास, आणि गाडी हळूच आडवी करा. चाक खड्ड्यातून बाहेर येतं. खड्डा बुजवा आणि मग गाडी उभी करा.

पलीकडच्या खडीच्या चढावर थोडं पुढे या, वजन दोन्ही चाकांच्या मध्ये ठेवा आणि त्याच गिअरमध्ये एकसारखी रेस देत चढा. सुट्या खडीवर टायरखालचे दगड घरंगळतात, त्यामुळे गाडी दोन बोटं इकडे-तिकडे सरकणारच. चाकांनी घासून साफ झालेला पट्टा धरा. मधल्या उंचवट्यावर सगळी सुटी खडी साचलेली असते. उतारावर क्लच दाबू नका, इंजिनाला गाडी धरू द्या. पुढचा ब्रेक एका बोटाने, तोही चाक सरळ असतानाच लावा. एबीएस असेल तर सुट्या खडीवर थांबायला जास्त अंतर लागतं हे धरून चाला.

चिखलात काय बदलतं

चिखलात वाळूसारखं मागे झुकून वेग घेणं चुकतं. पातळ चिखलाखाली बहुतेक वेळा कठीण थर असतो आणि टायरला तिथपर्यंत पोहोचायचं असतं. म्हणून मी हवा फार कमी करत नाही, पुढे २२ च्या आसपास ठेवतो. शरीर मध्यभागी आणि गाडी शक्य तितकी उभी ठेवा. दुसरा किंवा तिसरा गिअर बरा, कारण पहिल्या गिअरमध्ये जराशा रेसनेही चाक फिरतं. मागचं चाक बाजूला सरकलं तर रेस आहे तेवढीच ठेवा आणि जिकडे जायचं तिकडे बघा. रेस अचानक सोडली की सरकलेलं चाक एकदम पकड घेतं आणि गाडी उलट्या बाजूला फेकते. चिखलाची चाकोरी बदलायची असेल तर तिच्या काठाला समांतर रेंगाळत जाऊ नका. जागा सापडेपर्यंत तीतच राहा आणि काठ मोठ्या कोनात, एकदाच ओलांडा.

चिकण माती वेगळाच त्रास देते. ती टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. पुढे ती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये दाटत जाते. पुढचं चाक जड फिरायला लागलं, खरखर आवाज आला, की थांबाच. अडकलेलं चाक चालत्या गाडीत अचानक जाम होऊ शकतं. एक काठी सोबत ठेवा आणि दर थोड्या अंतरावर ती माती काढा. मडगार्ड टायरला फार चिकटून असेल, तर अशा वाटेला निघण्याआधी तो वर घेता येतो का किंवा काढता येतो का ते बघा.

पक्का रस्ता लागला की सर्वात आधी हवा भरा. पंप नसेल तर ताशी चाळीसच्या खाली चालवत जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जा. कमी हवेचा टायर वेगात तापतो, वळणावर गाडी लोळल्यासारखी वाटते आणि हँडल जड होतं. ओल्या डिस्कवर किंवा ड्रमवर ब्रेक कमी लागतो, म्हणून मोकळ्या जागी दोन-तीनदा हलके ब्रेक दाबून पाहा. चेनमध्ये वाळू राहिली असेल तर त्यावर तेल ओतू नका. आधी धुऊन पुसा, मगच तेल लावा, नाहीतर वाळू आणि तेलाचा लगदा चेन घासून टाकतो.