बिनस्क्रीनचा प्रिंटर वायफायला जोडण्याआधी

खोक्यातून प्रिंटर काढा, आतल्या निळ्या-केशरी पट्ट्या सोला, शाई भरा, कागद लावा. हे कुणी सांगायला नको. टाकीवाला प्रिंटर असेल तर पहिल्यांदा शाई नळ्यांत चढायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ त्याला हात लावू नका. लाईट जाण्याची वेळ असेल तर हे काम तेव्हा काढूच नका.

आता खरी गोष्ट. राउटर वायफाय दोन पट्ट्यांवर सोडतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; त्यातला २.४ चा पट्टा चालू आहे का, ते आधी बघा. प्रिंटरचं बटण दाबण्याआधी, फोनमध्ये ॲप घेण्याआधी.

आमच्या अमळनेरच्या घरी मी हेच पाहिलं नव्हतं. घरगुती वापराचे बहुतेक स्वस्त प्रिंटर फक्त २.४ वर बोलतात, ५ गिगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही. आणि मी दोन महिन्यांपूर्वी, ५ वेगवान असतं असं ऐकून, राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ स्वतःच्या हाताने बंद करून ठेवलं होतं. फोनला नेट येत होतं, टीव्हीला येत होतं, मग शंका कशाला येईल? रविवारी दुपारी बसलो तो रात्री जेवण गार होईपर्यंत. दर वेळी ॲप ‘प्रिंटर नेटवर्कला जोडता आला नाही’ म्हणायचं आणि दिवा पुन्हा लुकलुकायला लागायचा. आईने दोनदा येऊन विचारलं, ‘हाऊ दिवा काब्र लुकलुक करस रे?’ मला कुठे ठाऊक होतं! पासवर्ड सहा वेळा टाकला, प्रिंटर खराब निघाला म्हणून दुकानदारालाही फोन लावला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

शेवटी भाच्याने राउटरचं सेटिंग उघडून बघितलं आणि म्हणाला, ‘मामा, २.४ बंदच आहे की.’ पाच मिनिटांत जोडणी झाली.

ते तपासायचं कसं? राउटरच्या खालच्या स्टिकरवर त्याचा पत्ता आणि लॉगिन लिहिलेलं असतं. बऱ्याचदा पत्ता 192.168.1.1 असा असतो. फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाका, Wireless किंवा WLAN नावाच्या भागात जा, तिथे 2.4GHz समोर Enable असायला हवं. नावात 5G लिहिलेलं दिसलं तर ते मोबाईलवालं फाइव्ह-जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झ आहे. आमच्याकडे `Home` आणि `Home_5G` अशी दोन नावं आहेत; प्रिंटरला पहिलंच द्यायचं. दोन्ही पट्टे एकाच नावाखाली असतील तर प्रिंटर बहुधा आपला २.४ शोधून घेतो, पण काही ॲप फोन ज्या पट्ट्यावर आहे त्यावरच अडून बसतात. अशा वेळी दहा मिनिटांपुरतं ५ बंद करा, काम झालं की परत चालू करा. २.४ चा आणखी एक फायदा म्हणजे ते भिंतीतून जास्त आत जातं. गावाकडच्या धाब्याच्या घराच्या मातीच्या जाड भिंती ५ ला लवकर दमवतात, म्हणून प्रिंटर आतल्या खोलीत ठेवणार असाल तरी पहिली जोडणी राउटरच्या खोलीतच करा.

त्याच पानावर सुरक्षेचा प्रकारही बघून घ्या. फक्त WPA3 असेल तर जुना प्रिंटर आत येणार नाही; WPA2 किंवा दोन्हींचं मिश्रण ठेवा. नेटवर्कचं नाव लपवलेलं असेल तर ते दिसू द्या.

फोनची तयारी. त्यावर प्रिंटर कंपनीचं ॲप घेऊन ठेवा. फोन त्याच `Home` वर असू द्या. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवा. लोकेशन लागतं म्हणजे प्रिंटर तुमचा पत्ता शोधतो असं नाही, अँड्रॉइड आसपासची वायफाय नावं ॲपला दाखवण्याआधी ती परवानगी मागतं. आणि मोबाईल डेटा बंद करा. स्क्रीन नसलेला प्रिंटर सुरुवातीला स्वतःचंच छोटं वायफाय सोडतो (नाव बऱ्याचदा DIRECT- ने सुरू होतं). फोन त्या वायफायला जोडला की तिथे नेट नाही हे फोनला कळतं आणि तो निमूटपणे मोबाईल डेटावर पळतो; प्रिंटर मागे राहतो. पासवर्ड कागदावर लिहून घ्या, मोठी-लहान अक्षरं जशीच्या तशी. प्रिंटरला स्क्रीन नाही, चूक कुठे झाली ते तो दाखवणार नाही.

आता वायफायचं बटण तीन ते पाच सेकंद दाबून धरा, दिवा लुकलुकला की सोडा. नेमकं किती दाबायचं ते मॉडेलप्रमाणे बदलतं, माहितीपत्रकात बघा. काही प्रिंटरमध्ये ही अवस्था ठरावीक वेळाने आपोआप संपते. चहा पिऊन आलात आणि दिवा विझलेला दिसला तर घाबरू नका, परत दाबा.

ॲपशिवाय दुसरी वाट म्हणजे राउटरवरचं WPS बटण. ते दाबल्यापासून प्रिंटरचं बटण दाबायला दोनच मिनिटं मिळतात. इथे एक इशारा: काही राउटरवर WPS आणि Reset एकच बटण असतं. थोडं दाबलं तर जोडणी, दाबून धरलं तर सगळं पुसलं जातं. फायबरवाल्याने घातलेलं लॉगिनही जातं आणि मग दोन दिवस त्याची वाट बघा. बटणाच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय बोट लावू नका. आणि हो, २.४ बंद असेल तर WPS ही उपयोगाचं नाही. मी त्या रविवारी तेही तीनदा करून पाहिलं.

झालं की नाही ते दिव्यावरून कळतं: स्थिर पेटला तर जोडलं. तरी प्रिंटरकडून माहितीचं पान छापून घ्या, बटणांचा मेळ पुस्तिकेत असतो. त्यावर तुमच्या नेटवर्कचं नाव आणि 192.168 ने सुरू होणारा पत्ता हवा. 169.254 ने सुरू झाला तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. राउटर बंद-चालू करून परत जोडा. आणि पानावर नेटवर्क सापडलंच नाही असं आलं तर, परत सांगतो, २.४ बघा.

पुढचं थोडक्यात. लॅपटॉपही त्याच राउटरवर असू द्या, पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर नको, तिथून प्रिंटर सहसा दिसत नाही. लाईट जाऊन आल्यावर प्रिंटरचा पत्ता बदलू शकतो आणि संगणक ‘ऑफलाइन’ म्हणतो, म्हणून राउटरमध्ये त्याला पत्ता राखून ठेवा. ती सोय DHCP च्या भागात सापडेल. मग चाचणीचं एक पान काढा. शाई फिकी आली तर ते दुखणं वेगळं.