चोरीचं कलम घरात बसवा

कलमाचा नंबर आठवतो, पण चोरीच्या पाच घटकांतला एखादा नेमका पेपरात निसटतो. म्हणून भारतीय न्याय संहितेतली चोरी, कलम ३०३, लक्षात राहावी म्हणून मी मनातल्या मनात घरातल्या पाच जागांवर चित्रांनी मांडली आहे.

१. दारात तीन चोर, मधे गोल परात, पलीकडे आणखी तीन: ३०३. त्यांचं कपटी हसू म्हणजे अप्रामाणिक हेतू.
२. चपलांच्या रॅकला चाकं: जंगम मालमत्ता.
३. सोफ्यावर पेटी कवटाळून आजोबा: दुसऱ्याचा ताबा.
४. फ्रिजपाशी आजी ‘नाही’ म्हणून मान हलवतेय: संमती नाही.
५. खिडकीशी पेटी वीतभर सरकलेली: वस्तू हलवणं.

चित्र वेडगळच हवं. मात्र आजोबांना ‘मालक’ समजू नका, त्यांच्याकडे फक्त ताबा आहे. दुरुस्तीचे पैसे बुडवायला आपलंच घड्याळ दुकानातून गुपचूप उचललं, तरी ती चोरीच.