फॉर्म्युलाचा ब्रँड किंवा नंबर बदलताय? आधी डब्यातला चमचा बघा, या चुका टाळा

बाळाचा फॉर्म्युला बदलला आणि दोन दिवसांत पोट बिघडलं की घरातले सगळे लगेच नव्या ब्रँडला नावं ठेवतात, पण खरं कारण बऱ्याचदा पावडर आणि पाण्याच्या मापात असतं. प्रत्येक डब्यातला स्कूप वेगळा असतो आणि हे कितीतरी घरांत कुणी बघतच नाही, कारण "एक चमचा, तीस एमएल" हे डोक्यात फिट्ट बसलेलं असतं.

भारतात मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांवर एक सपाट स्कूप म्हणजे 30 एमएल पाणी असंच असतं, ते बरोबर आहे. पण अमेरिकेत मिळणाऱ्या बहुतेक पावडरींचा स्कूप मोठा असतो, एका स्कूपला 2 औंस म्हणजे 60 एमएल पाणी. आता समजा चार महिन्यांचं बाळ आहे, आई नुकतीच ऑफिसला जायला लागलीय, दिवसा आजी सांभाळतात आणि न्यू जर्सीवरून आलेल्या आत्याने प्रेमाने दोन मोठे डबे आणलेत. आजी रोजच्या सवयीने 120 एमएल पाण्यात चार स्कूप घालतात, खरं तर त्या पावडरीचे दोनच घालायचे होते. म्हणजे दूध दुप्पट घट्ट झालं. बाळाच्या किडन्यांना एवढे क्षार बाहेर टाकायला जास्त पाणी लागतं आणि तेच पाणी मिळत नाहीये, मग शी कडक होते, शू कमी आणि गडद होते, बाळ सारखं किरकिर करतं, आणि घरच्यांना वाटतं भुकेलंय म्हणून अजून एक बाटली तीच. असंच चालू राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं.

उलटंही होतं. नव्या डब्यातला स्कूप पावडरीत खोल गेलेला, सापडत नाही म्हणून जुन्या डब्यातला छोटा वापरला आणि पाणी मात्र नव्या लेबलप्रमाणे घातलं, की दूध पातळ. बाळ भराभर पितं, तासाभरात परत रडतं, आणि महिनाअखेरीस वजन वाढलेलं नसतं.

म्हणून जुना डबा संपला की त्याचा स्कूप त्याच दिवशी फेकून द्या, नव्या डब्यावर त्याच्या लेबलवरचं माप मार्करने मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा, म्हणजे आत्याच्या डब्यावर "1 चमचा = 60 पाणी", आणि जो कोणी बाटली बनवतो त्याला समोर उभं करून एकदा बनवून दाखवा. पाणी आधी मोजायचं, मग पावडर. स्कूप दाबून भरायचा नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचा. 90 एमएल पाण्यात पावडर घातल्यावर बाटलीत रेघ थोडी वर जाते, ते नॉर्मल आहे, ती बघून पाणी कमी करू नका.

हळूहळू बदलायचं म्हणून काहीजण एकाच बाटलीत एक चमचा जुना एक चमचा नवा टाकतात, आणि इथेच वरचा सगळा घोळ होतो कारण दोन्हींचं पाणी वेगळं. त्यापेक्षा बाटली बदला. बाळ दिवसात तीन बाटल्या पीत असेल तर पहिले दोन दिवस फक्त दुपारची नवी, पुढचे दोन दिवस दोन नव्या, मग तिन्ही. दुपारचीच कशाला तर आपण जागे असतो, काही झालं तर दिसतं. साध्या गाईच्या दुधाच्या फॉर्म्युलावरून तशाच दुसऱ्यावर एकदम गेलं तरी निरोगी बाळाला सहसा काही होत नाही, पण चव वेगळी लागल्यामुळे नाटकं करणाऱ्या बाळांना हा रस्ता बरा पडतो.

नंतर थांबायचं, निदान एक आठवडा. शी हिरवट किंवा गडद होईल, थोडी घट्ट होईल, गॅस होईल, हे चालतं. तिसऱ्या दिवशी घाबरून तिसरा ब्रँड आणणं ही मला सगळ्यात वाईट सवय वाटते, कारण मग कशामुळे काय झालं हे डॉक्टरांनासुद्धा सांगता येत नाही. त्याच आठवड्यात ग्राइप वॉटर, गुटी, नवीन ड्रॉप्स असलं काहीही सुरू करू नका.

पण शीमध्ये रक्त, अंगावर गांधी, श्वासाची घरघर, सारख्या उलट्या, सहा-आठ तास शू नाही किंवा टाळू खोल गेलेली दिसली तर आठवडा वगैरे काही बघायचं नाही, लगेच डॉक्टर गाठा. गाईच्या दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असेल तर साधे ब्रँड बदलत बसून काही उपयोग नाही, सगळ्यांत तेच प्रोटीन आहे. त्याला वेगळा फॉर्म्युला लागतो आणि तो डॉक्टरच ठरवतात.

नंबरचं म्हणाल तर पाचव्या महिन्यात "पोट भरत नाही" म्हणून दोन नंबर सुरू करू नका. तो सहा महिन्यांनंतर वरचं खाणं चालू झालेल्या बाळांच्या हिशोबाने बनवलेला असतो. सहा महिने झाले म्हणून लगेच बदललाच पाहिजे असंही नाही, एक नंबर वर्षापर्यंत चालतो. बदललात तर कंपनी तीच असली तरी लेबल परत वाचा.

आता अंगावरचं दूध आणि फॉर्म्युला एकत्र. मिसळलं तर चालतं, पण काढलेल्या आईच्या दुधात थेट पावडर कधीही टाकायची नाही. पावडरीला तिचं स्वतःचं पाणी लागतं, आईच्या दुधात घातली तर परत तेच, दूध अति घट्ट. (कमी दिवसांच्या बाळांना डॉक्टर कधी कधी आईच्या दुधात काही घालायला सांगतात, ते त्यांच्या मापाने, आपल्या मनाने नाही.) 60 एमएल आईचं दूध आहे आणि तेवढाच फॉर्म्युला हवाय तर भारतातल्या 30 एमएलवाल्या डब्याचे दोन स्कूप 60 एमएल पाण्यात आधी वेगळे बनवा. पावडर निर्जंतुक नसते म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, 70 डिग्रीच्या वर असतानाच पावडर घाला, मग बाटली नळाखाली धरून कोमट करा आणि त्यानंतरच आईचं दूध ओता.

मिसळलं की वेळ फॉर्म्युलाची लागू होते. नुसतं आईचं दूध बाहेर चार तास टिकतं, पण मिसळलेली बाटली बनवल्यापासून दोन तासांत संपवायची आणि बाळाचं तोंड लागलं की एका तासात, उरलेलं ओतून द्यायचं. एवढ्या कष्टाने काढलेलं दूध ओतताना फार जीवावर येतं, म्हणून मी तर म्हणेन मिसळूच नका. आधी आईचं दूध वेगळ्या बाटलीत पाजा, ते संपलं आणि अजून हवं असेल तर मग फॉर्म्युला.

आणि दिवसातल्या दोन-तीन वेळा एकदम बाटलीवर नेऊ नका, छाती दगडासारखी होते, दुखते आणि दूधही कमी होतं. तीन-चार दिवसांनी एक वेळ बदला. दूध टिकवायचं असेल तर घरी बाळ बाटली पितंय त्याच सुमाराला ऑफिसात पंप करा. ते दूध फ्रीजमध्ये चार दिवस राहतं, म्हणजे आजचं काढलेलं उद्या आजींच्या हाताशी.