गेमिंग माऊस आणि कीबोर्ड निवडताना या चुका टाळा

माऊस आणि कीबोर्ड निवडताना बहुतेकांची नजर खोक्यावर छापलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर जाते. ते उपकरण कशाला जोडले जाणार आहे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. खरेतर तोच आधी विचारायला हवा, कारण डीपीआय, म्हणजे माऊस एका इंचात किती मोज नोंदवतो तो आकडा, चुकीचा असला तरी दोन मिनिटांत बदलता येतो, पण कन्सोल ज्या जोडणीला ओळखतच नाही ती कोणत्याही सेटिंगने दुरुस्त होत नाही.

कन्सोलच्या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज असा की, यूएसबीचे भोक आहे म्हणजे माऊस चालणारच. एक्सबॉक्सवर माऊस-कीबोर्डची सोय 2018च्या नोव्हेंबरमध्ये आली. परंतु तेव्हाही आणि आजही कोणत्या गेममध्ये माऊस चालेल हे त्या गेमचा निर्माता ठरवतो. प्लेस्टेशनवरही नियम तोच आहे. त्यामुळे असा प्रकार नेहमी घडतो: कीबोर्ड जोडला, एक्सबॉक्सच्या मुख्य पडद्यावर त्याच्या बाणांच्या कळांनी सगळीकडे फिरता आले, म्हणून खेळाडू निश्चिंत झाला, आणि गेम सुरू केल्यावर माऊस हलवला तरी काहीच हलेना. येथे माऊस बिघडलेला नसतो. मुख्य पडद्यावर कीबोर्ड चालणे आणि गेममध्ये माऊस चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुख्य पडद्यावर माऊसचा बाण दिसत नाही म्हणून तो नादुरुस्त आहे असाही निष्कर्ष काढता येत नाही.

अशा वेळी तपासणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम तो विशिष्ट गेम त्या विशिष्ट कन्सोलवर माऊस स्वीकारतो का, हे निर्मात्याच्या माहितीत पाहावे. संगणकावरील आवृत्तीत माऊस चालतो, हा त्याचा पुरावा नव्हे. त्यानंतर जोडणी पाहावी. एक्सबॉक्स ब्लूटूथ माऊस किंवा कीबोर्ड स्वीकारत नाही, म्हणून तेथे वायर किंवा यूएसबी डोंगलसह येणारे वायरलेस उपकरणच उपयोगाचे. प्लेस्टेशन 5वर मात्र ब्लूटूथही चालते. हे दोन्ही ठीक असूनही उपकरण ओळखले जात नसेल, तर ते संगणकाला जोडून हालचाल कळवण्याचा दर, म्हणजे पोलिंग रेट, 1000 हर्ट्झवर आणावा आणि कीबोर्डला सहा कळांचा साधा मोड असल्यास तो निवडावा, कारण एकाच वेळी सर्व कळा नोंदवणारा मोड काही यंत्रांना समजत नाही. आणखी एक गोष्ट खरेदीआधीच पाहून ठेवावी: कन्सोलवर माऊसचे सॉफ्टवेअर चालत नाही, म्हणून डीपीआय आणि बटणांची मांडणी माऊसच्या स्वतःच्या मेमरीत साठवता आली पाहिजे.

माऊसला कंट्रोलर भासवणारे अडॅप्टर हा यावरचा उपाय म्हणून सुचवला जातो. तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रेनबो सिक्स सीज या गेमने 2023मध्ये असे अडॅप्टर ओळखून वापरणाऱ्याच्या नियंत्रणात मुद्दाम विलंब घालणारी यंत्रणा आणली, आणि स्पर्धात्मक गेममध्ये अशा उपकरणाकडे फसवणूक म्हणूनच पाहिले जाते.

आता पोलिंग रेट. माऊस संगणकाला सेकंदात किती वेळा आपली हालचाल कळवतो, तो हा आकडा. 125 हर्ट्झला दोन अहवालांमध्ये 8 मिलिसेकंदांचे अंतर असते, 1000 हर्ट्झला 1 मिलिसेकंदाचे आणि 8000 हर्ट्झला 0.125 मिलिसेकंदाचे. पहिली उडी 7 मिलिसेकंदांची आहे, दुसरी एका मिलिसेकंदाहूनही कमी. आणि 240 हर्ट्झच्या पडद्यावरसुद्धा एक चित्र सुमारे 4.2 मिलिसेकंद टिकते. शिवाय कळवायला काही असावे लागते. समजा माऊस 800 डीपीआयवर आहे आणि लांबच्या लक्ष्यावर नेम धरताना हात सेकंदाला एक इंच या गतीने सरकतो आहे. मग सेन्सरकडे सेकंदाला 800 मोजच तयार होतात, म्हणजे 8000 अहवालांपैकी दहातले नऊ कोरे जातात. हात झटक्याने फिरवला, तर चित्र बदलते आणि जास्त दराचा थोडा लाभ मिळतो. पण त्यासाठी प्रोसेसरवर ताण वाढतो आणि वायरलेस माऊसची बॅटरी बरीच लवकर संपते. वेगाने माऊस फिरवताना गेम अडखळत असेल, तर ग्राफिक्सच्या सेटिंग धुंडाळण्याआधी दर 1000वर आणून पाहावा. ब्लूटूथवर तर खोक्यावरचा हा आकडा लागूच होत नाही, तो डोंगल किंवा वायरसाठी असतो. डोंगलही संगणकाच्या मागे यूएसबी 3च्या पोर्टमध्ये खुपसून ठेवू नये, कारण त्या पोर्टमधून निघणारा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या संकेतात मिसळतो आणि बाण मध्येच थबकतो. छोट्या एक्सटेन्शन वायरने तो माऊसजवळ आणावा.

सेन्सर जोखताना सर्वाधिक डीपीआय हा निकष सर्वांत कमी उपयोगाचा आहे. 800 डीपीआयला गेममधील संवेदनशीलता 0.5 ठेवली काय आणि 1600ला 0.25 ठेवली काय, नजर तेवढीच फिरते. पंचवीस हजारांवर कोणी नेम धरत नाही. पाहायचे ते हे, की सेन्सर वेगवान हालचालीत मोज गाळतो का. त्यासाठी प्रथम विंडोजमधील Enhance pointer precision हा पर्याय बंद करावा, कारण तो हाताच्या वेगानुसार बाणाचे अंतर बदलतो. मग जड पुस्तकाच्या कडेला माऊस टेकवून गेममधील क्रॉसहेअर भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर आणावे, माऊस झटक्याने बाजूला न्यावा आणि अगदी सावकाश पुन्हा त्याच कडेला टेकवावा. क्रॉसहेअर खुणेवर परतले, तर सेन्सर विश्वासू आहे. दर वेळी ते खुणेपासून एकाच दिशेला सरकलेले दिसले, तर कोठेतरी वेगानुसार अंतर बदलणारे अॅक्सिलरेशन सुरू आहे. आणि झटक्याच्या मध्येच नजर छताकडे किंवा जमिनीकडे भिरकावली गेली, तर सेन्सर त्या वेगाला पुरा पडत नाही, किंवा मॅटचा पृष्ठभाग त्याला मानवत नाही.

कीबोर्डच्या कळांखालील स्विचबाबत रंग पाहून निवड केली जाते, आणि तेथेच गल्लत होते, कारण रंगांचा अर्थ सर्व कंपन्यांत सारखा नसतो. चेरी एमएक्सच्या मालिकेत रेड हा लिनियर, म्हणजे अडखळ्याविना सरळ खाली जाणारा, असून तो 2 मिलिमीटरवर आणि 45 सेंटिन्यूटन दाबाला कळ नोंदवतो, ब्राउन टॅक्टाइल, म्हणजे मध्ये हलका अडखळा जाणवणारा, आहे, ब्लू क्लिकी, म्हणजे अडखळ्यासोबत टक् आवाजही करणारा, आहे आणि स्पीड सिल्व्हर 1.2 मिलिमीटरवरच नोंद करतो. एवढी कमी खोली ऐकायला आकर्षक वाटते; परंतु कळांवर बोटे टेकवून ठेवण्याची सवय असणाऱ्याकडून नको तेव्हा ग्रेनेड फेकला जातो. अंतर स्वतः ठरवण्याची मुभा हवी असेल, तर चुंबकीय स्विचचा कीबोर्ड घ्यावा, पण त्याचे स्विच साध्या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये बसवून काम होणार नाही. अशा कीबोर्डवर मिळणारी, दोन विरुद्ध दिशांच्या कळा एकत्र दाबल्यास आधीची आपोआप सोडवणारी सोयही सर्वत्र चालत नाही. काउंटर-स्ट्राइक 2च्या अधिकृत सर्व्हरवर त्या गेमची निर्माती कंपनी वाल्वने ती 2024च्या ऑगस्टमध्ये बंद केली.

एकदा कळ दाबल्यावर अक्षर दोनदा उमटू लागले, तर संपूर्ण कीबोर्ड बदलण्याची घाई करू नये. स्विच हाताने काढता-घालता येणारा हॉट-स्वॅप कीबोर्ड असल्यास तो स्विच पुलरने उपसून शेजारच्या जागी लावावा, शेजारचा त्याच्या जागी. तसे करताना धातूच्या दोन्ही पिना सरळ आहेत ना, हे उजेडात पाहावे, कारण वाकलेली पिन सॉकेटमध्ये न शिरता खालीच दुमडते. बिघाड स्विचबरोबर सरकला, तर एक स्विच बदलून काम भागते. तो जागच्या जागी राहिला, तर दोष सॉकेटमध्ये किंवा बोर्डात आहे, आणि तेव्हाच वॉरंटीचा कागद शोधावा.