थंडीतला उतारा धरूनच ठरवा हिरव्या चाऱ्याचे गिऱ्हाईक

ऑक्टोबरात संकरित नेपियर जोमात असतो. तो पाहून शेजारच्या गोठेवाल्यांना जास्त चाऱ्याचा शब्द दिला जातो. डिसेंबरात थंडीने वाढ मंदावते, चारा निम्म्यावर येतो आणि बांधलेले गिऱ्हाईक तुटते. म्हणून बोली थंडीतल्या उताऱ्यावरच करावी.

दहा गुंठे उभा नेपियर धरा. त्याचे 50 पट्टे पाडून रोज एक कापायचा, म्हणजे प्रत्येक पट्टा 50 दिवसांनी परत हाती येतो. उबदार महिन्यांत पट्ट्यातून सुमारे 50 किलो चारा मिळतो, थंडीत 25 किलोच धरावा. कापणी जमिनीपासून चार बोटांवर न करता वीतभर उंचीवर करा. फार खाली कापल्यास ठोंब मरतात आणि फुटवा विरळ येतो. कापलेल्या पट्ट्याला 110 ग्रॅम युरिया देऊन लगेच पाणी द्या. पट्टा 70-75 दिवसांवर गेला तर कांड्या टणक होतात. जनावर पाने खाऊन दांडे टाकते, आणि गोठेवाला भावावरून नाही तर या उरलेल्या दांड्यांवरून चारा बंद करतो. उलट अगदी कोवळा नेपियरही देऊ नये, त्यात ऑक्झलेट जास्त असते.

थंडीची तूट भरायला ऑक्टोबरच्या मध्याला पाच गुंठ्यांत लसूणघास पेरा. गुंठ्याला 250 ग्रॅम बी लागते, दोन ओळींत 30 सेंटिमीटर अंतर ठेवा. पहिली कापणी 55-60 दिवसांनी येते, म्हणजे नेमकी नेपियर मंदावतो तेव्हा. पुढे 28 दिवसांचे चक्र धरले तर रोज 18 किलोच्या आसपास घास मिळतो. पिवळी अमरवेल दिसताच तेवढा भाग घासासकट कापून जाळा, तिला फुले येऊ देऊ नका. घास कडबा किंवा नेपियरमध्ये मिसळूनच खाऊ घाला हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगा, नुसत्या घासाने पोट फुगते.

थंडीत दोन्ही मिळून 43 किलो, म्हणजे दोन दुभत्या जनावरांपुरता चारा होतो. कायमची बोली तेवढ्याचीच करा. उन्हाळ्यातला वाढावा शेळीवाल्यांना सुटा विका किंवा त्याचा मुरघास करा.

आता फक्त नेपियरचा हिशेब. वर्षाला सुमारे 15 टन निघतो. उदाहरणापुरता किलोला 3 रुपये भाव धरला तर 45,000 रुपये होतात. रोज तासभर कापणी-वाहतुकीची मजुरी 50 रुपयांनी 18,250, शेणखत 4,000 आणि बेणे तीन वर्षांवर विभागून 650 रुपये. युरिया आणि पाणी सोडून 22,000च्या आसपास उरतात. सगळ्यात मोठा खर्च मजुरीचा आहे, तेव्हा तुमचा भाव आणि तुमची मजुरी घालून आकडे पुन्हा मांडा.

पेंढीवर विकू नका, पेंढीचा आकार रोज बदलतो आणि वाद होतात. ताणकाट्यावर गिऱ्हाइकासमोर, दव सुकल्यावर वजन करा. महिन्याचा हिशेब वहीत दोघांच्या सहीने ठेवा आणि पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ घ्या.