एकच राग, वेगवेगळ्या वाटा: डिफेन्स मेकॅनिझमचं उत्तर कसं लिहावं

सायकियाट्रिक नर्सिंगच्या पेपरात डिफेन्स मेकॅनिझम आले की मुली व्याख्या बरोबर लिहितात आणि उदाहरणात चुकतात. दर मेकॅनिझमला वेगळी गोष्ट पाठ केलेली असते, त्यामुळे प्रश्नात अनोळखी प्रसंग आला की प्रोजेक्शन आणि डिस्प्लेसमेंटची अदलाबदल होते. मी इंदूरमध्ये शिकवते तेव्हा उलटं करायला लावते: घर एक, भावना एक, फक्त तिची वाट बदलायची.

आधी प्रसंग ठरवा. रामबागेतलं एक मराठी घर. सासूबाईंना पक्षाघात होऊन आठ महिने झाले, उजवी बाजू गेलेली. सगळं वहिनी करतात: दर दोन तासांनी कूस बदलणं, भरवणं, बेडपॅन. वहिनींना आतून राग आहे, पण ‘अंथरुणाला खिळलेल्या सासूचा राग येतो’ हे त्यांना स्वतःशीही कबूल करवत नाही. मनाला न पेलणारी भावना आणि तिच्यामुळे येणारी अस्वस्थता, इथून प्रत्येक उत्तर सुरू होतं.

आता स्वतःला विचारा: ही भावना कोणाची मानली गेली, आणि ती कुणावर निघाली?

सकाळी मुलाने पोह्यांवर जिरावन जास्त घेतलं म्हणून वहिनींनी त्याला धपाटा घातला. राग वहिनींचाच राहिला, फक्त माणूस बदलला, तोही कमी धोक्याचा. हे डिस्प्लेसमेंट. याउलट वहिनी शेजारणीला सांगतात, “सासूबाईंना मी डोळ्यांसमोर नको असते, बघा ना कशा बघतात!” इथे माणूस तोच आहे, पण रागाचा मालक बदलला. स्वतःची भावना दुसऱ्याच्या मनात आहे असं वाटणं म्हणजे प्रोजेक्शन. मात्र सासूबाई खरोखरच रोज टोचून बोलत असतील, तर ते प्रोजेक्शन नाही, साधं निरीक्षण आहे. म्हणून उदाहरणात ‘प्रत्यक्षात सासूबाई तसं काही बोललेल्या नाहीत’ हे वाक्य लिहाच. ते नसेल तर उदाहरण लंगडं पडतं.

तिसरी वाट: वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की सासूबाईंची सेवा हे माझं भाग्य, आणि पोट भरलेलं असतानाही त्यांना आग्रहाने शिरा भरवत राहतात. हे रिअॅक्शन फॉर्मेशन, म्हणजे भावनेच्या नेमकी उलट वागणूक. मग खरी माया कशी ओळखायची? खरी माया समोरच्याची गरज बघून थांबते. इथे अतिरेक असतो आणि सासूबाईंनी हाताने नको म्हटलं तरी घास थांबत नाही.

सर्वात जास्त गोंधळ पुढच्या तिघांचा होतो. वहिनी ठरवतात, “आत्ता पाहुणे आहेत, रात्री ह्यांच्याशी बोलेन,” आणि रात्री खरंच बोलतात. हे जाणूनबुजून केलेलं आहे, म्हणून सप्रेशन, आणि ते परिपक्व मेकॅनिझमांत मोडतं. राग आला होता हेच वहिनींना आठवत नसेल, विचारलं तर त्या मनापासून “छे, कधीच नाही” म्हणत असतील, तर रिप्रेशन, कारण ते नकळत घडतं. आणि दादा? डॉक्टरांनी उजवा हात पूर्ववत होण्याची शक्यता फार कमी असल्याचं समजावलं, तरी ते म्हणतात, “आई दिवाळीला स्वतः चकल्या पाडेल,” आणि वॉकरची चौकशीही करत नाहीत. हे डिनायल. रिप्रेशनमध्ये आतली भावना पुरली जाते, डिनायलमध्ये बाहेरची वस्तुस्थिती नाकारली जाते. परीक्षेत फरक विचारला तर हे एक वाक्य आधी लिहा.

पाच गुणांच्या उत्तराची सुरुवात व्याख्येने करा: अस्वस्थतेपासून अहंचं रक्षण करणारी, बहुतेक वेळा नकळत वापरली जाणारी मानसिक पद्धत. हवं तर एक ओळ इतिहासाची: सिग्मंड फ्रॉइड यांच्या कल्पनेची पद्धतशीर मांडणी त्यांची मुलगी अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ साली केली. मग उदाहरण, आणि त्यानंतर ‘कारण’ या शब्दाने सुरू होणारं वाक्य: ‘हे डिस्प्लेसमेंट आहे, कारण राग सासूबाईंवरचा असून मुलावर निघाला.’ एकाच वागण्याला दोन नावं लागू शकतात, तेव्हा आपण हेच नाव का निवडलं ते या वाक्यातून दिसतं.

शेवटी नर्सची भूमिका, आणि तीही त्याच घराला धरून. दादांचं डिनायल वादाने मोडू नये. आधार काढून घेतला तर माणूस घाबरून आणखी घट्ट धरतो. “आईंचा हात पूर्वीसारखा व्हावा असं तुम्हाला फार वाटतंय” असं म्हणून ऐकावं, आणि खोटी आशाही देऊ नये. पण त्यामुळे फिजिओथेरपी किंवा औषध चुकत असेल, तर वस्तुस्थिती शांतपणे आणि स्पष्ट सांगावी. वहिनी वॉर्डात नर्सवरच ओरडल्या, तर ते मनाला लावून न घेता आवाज खाली ठेवून मर्यादा सांगावी: “तुम्ही दमलाय ते दिसतंय. ओरडू नका, इथे बसून बोलू.” त्यानंतर रात्रीची एक पाळी दुसऱ्या कुणाला घेता येईल का, हे दादांसमोर विचारावं.