प्रिंटर ट्रे विचारत थांबला, तर आधी फाईल बघा

म्हापशातल्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक मोबाईलवरून पीडीएफ पाठवतं आणि पॅनलवर कागदाचा आकार जुळत नसल्याचा संदेश येतो. बहुतेकदा फाईल लेटर आकाराची असते, ट्रेत मात्र ए४. लेटर ए४पेक्षा ६ मिमी जास्त रुंद, पण १८ मिमी आखूड. नुसतं OK दाबलं तर पान छापून येतं, पण कडेची अक्षरं कापली जाऊ शकतात. त्यापेक्षा प्रिंट करताना कागद ए४ निवडून Fit करा.

मग पॅनलवर मुख्य ट्रे ए४, साधा कागद असा कायमचा ठरवा. लीगल कागद हाताने घालायच्या ट्रेत ठेवा. त्या ट्रेला Any Size ही सेटिंग चालेल. मुख्य ट्रेला ते देऊ नका, कारण मग चुकीचा कागद भरला तरी प्रिंटर अडवत नाही.